अर्धा दिवस आणि २१२ टेस्ट केस: कोणत्या चालवायच्या, कोणत्या सोडायच्या

नाशिकच्या अंबड भागातल्या आमच्या ऑफिसात टेस्टिंगला नवीन लागलेली मुलं पहिल्या दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, रिग्रेशनला दोन दिवस लागतात आणि हातात चारच तास आहेत. मग सुरुवातीच्या केस करायच्या की महत्त्वाच्या? आणि महत्त्वाच्या म्हणजे नेमक्या कोणत्या?" त्याचं उत्तर मी इथे एका प्रत्यक्ष रिलीजच्या आधाराने देतो. ही पद्धत मी गेली काही वर्षं वापरतोय आणि ती कुठे तोकडी पडते तेही मला ठाऊक आहे. तेही सांगतो.

आमचं सॉफ्टवेअर कांदा व्यापाऱ्यांसाठी आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत या बाजारांत शेतकऱ्याची गाडी लिलावात उभी राहते, भाव ठरतो, सौदापट्टी होते. मग गाडी भुईकाट्यावर जाते, आधी भरलेली आणि नंतर रिकामी. दोन्ही वजनांतल्या फरकातून निव्वळ वजन मिळतं आणि त्यावरून हिशेबपट्टी बनते. शेतकऱ्याला काट्याजवळच मोबाइलवरून छोटी पावती छापून मिळते, तर पैसे व्यापाऱ्याच्या ऑफिसातून मिळतात. त्या दिवशी सकाळी साडेनऊला नवीन बिल्ड हातात आलं. दुसऱ्या दिवशीच्या लिलावाआधी ते ग्राहकाकडे चढवायचं होतं, म्हणून दीड वाजता "सोडायचं की नाही" हे सांगणं भाग होतं. आमच्या यादीत २१२ टेस्ट केस आणि टेस्टर दोघंच, मी आणि एक सहकारी.

पहिली पायरी: वेळेचं गणित कागदावर मांडा

नवीन माणसाचा हात लगेच पहिल्या केसकडे जातो. तो आवरा. आधी किती केस खरोखर होणार आहेत ते मोजा, कारण हा आकडा डोळ्यांसमोर नसेल तर निवड होतच नाही, सगळंच "महत्त्वाचं" वाटत राहतं.

आमच्याकडे एका केसला सरासरी नऊ मिनिटं लागतात. २१२ केसचे झाले जवळपास ३२ तास, म्हणजे दोघांचे दोन पूर्ण दिवस. साडेनऊ ते दीड म्हणजे २४० मिनिटं. त्यातली पहिली तीस मिनिटं निवडीसाठी आणि बिल्ड नीट चढलंय का ते बघायला. शेवटची साठ मिनिटं राखून ठेवायची, त्यांना काहीही झालं तरी हात लावायचा नाही. बग सापडून दुरुस्ती आली तर ती तपासणं आणि निर्णयासाठी बोलणं त्या तासात बसतं. उरली प्रत्येकी १५० मिनिटं, दोघांची मिळून ३००. पण बग लिहायला, लॉग काढायला, डेव्हलपरला स्क्रीन दाखवायलाही वेळ जातो, म्हणून मी त्यातली २४० मिनिटंच केसने भरतो. नवाने भागलं की साधारण २६ केस.

म्हणजे २१२ मधल्या २६. हे वाचून पोटात गोळा येतो, पण तो साडेनऊलाच आलेला बरा. साडेबाराला यादीतली तिसावी केस समोर असताना आणि पेमेंटचा स्क्रीन अजून उघडलेलाही नसताना कळण्यात काहीच राम नाही.

दुसरी पायरी: यादी मिटवा, आधी बदल बघा

टेस्ट केसची एक्सेल शीट बंद करा. या बिल्डमध्ये नेमकं काय बदललं ते आधी बघा. रिलीज नोटवर विसंबू नका, कारण त्यात ग्राहकाला सांगायच्या गोष्टी असतात. कोडमध्ये सहज जाता जाता केलेले बदल तिथे येत नाहीत आणि रिग्रेशनमध्ये त्रास देतात ते नेमके तेच. डेव्हलपरकडून रिपॉझिटरी वाचायची परवानगी एकदा घेऊन ठेवा. कोड लिहिता आला नाही तरी या दोन ओळी चालवता आल्या पाहिजेत:

```
git log --oneline v4.6.2..v4.7.0-rc2
git diff --stat v4.6.2..v4.7.0-rc2
```

डावीकडचा टॅग ग्राहकाकडे आज चालू असलेल्या आवृत्तीचा हवा. आपण मागच्या आठवड्यात तपासलेल्या बिल्डचा टॅग तिथे टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. मधलं एखादं बिल्ड तपासलं गेलं पण ग्राहकाकडे कधी चढलंच नाही, तर त्यातले बदल या तुलनेतून गळतात आणि ते तपासायचेच राहून जातात. ग्राहकाच्या सॉफ्टवेअरमधल्या "माहिती" स्क्रीनवर आवृत्ती लिहिलेली असते. ती सपोर्टकडून फोनवर वाचून घ्या.

आमच्या त्या बिल्डमध्ये १४ फाइल बदललेल्या होत्या. त्यातल्या सहा फाइलमध्ये फक्त मराठी लेबलं सुधारली होती. चार फाइल नवीन रिपोर्टच्या होत्या, त्याच्या स्वतःच्या केस आधीच झाल्या होत्या. दोन ठिकाणी शेतकऱ्याच्या नोंदीत एक रकाना वाढवला होता. उरल्या दोन, त्यातली एक `utils/money.py`. बदल जेमतेम तीन ओळींचा. नवीन टेस्टर ती फाइल बघून पुढे जातो, कारण `--stat` मध्ये तिच्यासमोर सगळ्यात लहान रेघ असते. तिथे थांबा. बदल किती ओळींचा आहे यावरून धोक्याचा अंदाज येत नाही. तो कोड किती ठिकाणांहून वापरला जातो, ते बघावं लागतं.

याच वेळी आणखी तीन गोष्टींवर नजर टाका: डेटाबेसचं मायग्रेशन, लायब्ररींच्या आवृत्त्यांची फाइल आणि कॉन्फिगरेशन. यांतलं काही बदललं असेल तर ते कोणत्याही एका स्क्रीनपुरतं राहत नाही. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय.

तिसरी पायरी: धागा धरून मागे जा

`money.py` मधल्या फंक्शनचं नाव `round_rupees`. ते कोण कोण बोलावतं हे शोधायला एक ओळ पुरते:

```
git grep -n "round_rupees"
```

चार ठिकाणं निघाली: हिशेबपट्टी, पेमेंट, शेतकऱ्याची खातेवही आणि दिवसअखेरचा रिपोर्ट. आता डेव्हलपरकडे जायचं, पण "काय टेस्ट करू?" असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर नेहमी "थोडं सगळंच बघ" असं येतं, त्याचाही नाइलाज असतो. त्याला दोन प्रश्न विचारा. हा बदल का केला? आणि हेच गणित या कोडबाहेर आणखी कुठे होतं का?

दुसऱ्या प्रश्नाने आमचा तो दिवस वाचवला. डेव्हलपर क्षणभर थांबून म्हणाला, "मोबाइल ॲपमध्ये पावती छापताना रक्कम ॲपच काढतं. नेटवर्क नसलं तरी पावती निघाली पाहिजे ना." ॲप जावास्क्रिप्टमध्ये आणि वेगळ्या रिपॉझिटरीत, त्यामुळे `git grep` मध्ये ते दिसणं शक्यच नव्हतं. एकच रक्कम दोन ठिकाणी दोन भाषांमध्ये काढली जात होती आणि बदल एकाच ठिकाणी झाला होता. चाराची पाच ठिकाणं झाली.

चौथी पायरी: परत फिरवता येणार नाही ते आधी

आता पाचही ठिकाणांना क्रम लावायचा. पुस्तकात शक्यता गुणिले परिणाम अशी कोष्टकं असतात, एक ते पाच गुण द्यायचे वगैरे. निवांत वेळ असेल तेव्हा ती चांगली. अर्ध्या दिवसात मी एकच प्रश्न विचारतो: इथे चूक झाली आणि ती उद्या दुपारी लक्षात आली, तर ती पुसता येईल का?

दिवसअखेरचा रिपोर्ट चुकला तर दुरुस्त बिल्ड चढवून पुन्हा काढता येतो. त्रास होतो, पण पुसता येतो. खातेवहीतली नोंद उलट नोंद टाकून सुधारता येते. पण शेतकऱ्याच्या हातात पडलेली छापील पावती परत येत नाही. तो गाडी घेऊन चाळीस किलोमीटर दूर गावी पोहोचलेला असतो. दिलेलं पेमेंटही तसंच. म्हणून क्रम असा लागला: पेमेंट आणि मोबाइल पावती सगळ्यात आधी, मग हिशेबपट्टी, मग खातेवही, शेवटी दिवसअखेर.

हा क्रम एकट्याने लावू नका. आमच्या सपोर्टच्या ताई रोज व्यापाऱ्यांचे फोन घेतात. त्यांना मी विचारलं, "ताई, सकाळी पहिल्या तासात फोन येतात ते कशाबद्दल?" त्या म्हणाल्या, "पावतीवरचा आकडा आणि ऑफिसातला आकडा जुळत नसला की लगेच. रुपयाचा फरक असला तरी माणूस काउंटरवरून हलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे." मी पावतीला मनात दुसरा नंबर दिला होता. त्यांचं ऐकून तो पेमेंटच्या बरोबरीने आणला. टेस्टरला बदल दिसतो, सपोर्टच्या माणसाला दुखतं कुठे ते ठाऊक असतं.

२६ केसची वाटणी शेवटी अशी झाली: हिशेबपट्टी ९, पेमेंट ६, मोबाइल पावती ४, खातेवही ४, दिवसअखेर ३. हिशेबपट्टीच्या केस सगळ्यात जास्त, कारण पेमेंट आणि खातेवहीकडे जाणारा आकडा तिथूनच निघतो.

पाचवी पायरी: केस निवडली म्हणजे झालं नाही, तिच्यातला डेटा बघा

ही पायरी सावकाश वाचा. नवीन टेस्टर इथेच फसतात, आणि मीही फसलो होतो.

बदल असा होता. आधीचा कोड रुपयात पूर्णांक करताना पन्नास पैसे आले की वर ढकलत होता. कोड सुटसुटीत करताना डेव्हलपरने पायथनचं स्वतःचं `round` वापरलं:

```
# जुना
amount.quantize(Decimal("1"), rounding=ROUND_HALF_UP)
# नवा
round(amount)
```

दिसायला दोन्ही सारखेच. पण पायथन ३ मधलं `round` बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. जावास्क्रिप्टचं `Math.round` मात्र २.५ चे ३ करतं. म्हणजे पन्नास पैशांवर आलेल्या रकमेत सर्व्हर आणि मोबाइल वेगवेगळे आकडे दाखवू शकतात.

आता आमच्या यादीतल्या हिशेबपट्टीच्या केस बघा. बहुतेकांमध्ये भाव होता क्विंटलला १,५०० रुपये. टेस्ट डेटा बनवताना गोल आकडा बरा वाटतो. ग्राहकाच्या भुईकाट्याची पायरी ५ किलोची आहे, म्हणजे वजन येतं १,८२० किंवा १,८२५ किलो, १,८२३ येत नाही. १,५०० रुपये क्विंटल म्हणजे किलोला १५ रुपये. किलोचा कुठलाही पूर्ण आकडा १५ ने गुणा, पैसे उरतच नाहीत. त्या केस शंभर वेळा चालवल्या असत्या तरी शंभरही वेळा पास झाल्या असत्या, आणि आम्ही खुशाल "राउंडिंग तपासलं" असं लिहून मोकळे झालो असतो.

खऱ्या लिलावात भाव १,४१० होतो, १,३७० होतो. १,४१० म्हणजे किलोला १४ रुपये १० पैसे. वजन १,८२५ किलो असेल तर रक्कम होते २५,७३२.५०. मोबाइल छापतो २५,७३३ आणि नवीन सर्व्हर हिशेबपट्टीत लिहितो २५,७३२. ताई सांगत होत्या तो रुपयाचा फरक हाच.

यातही एक मेख आहे. त्याच भावाला वजन १,८७५ किलो घ्या. रक्कम २६,४३७.५०. मोबाइल म्हणतो २६,४३८ आणि सर्व्हरही २६,४३८, कारण इथे जवळची सम संख्या वरच्या बाजूला आहे. कुणी पन्नास पैशांची एकच पावती तपासली आणि ती नेमकी ही निघाली, तर केस पास होते आणि बग तसाच पुढे जातो. म्हणून सीमेवरचा आकडा तपासताना दोन घ्यायचे: एक सम रुपयाच्या पुढचे पन्नास पैसे, एक विषम रुपयाच्या पुढचे.

आणि हे क्वचित घडणारं नाही. काट्याची पायरी ५ किलोची असेल तर बहुतेक वेळा निम्म्या गाड्यांचं वजन ५ वर संपतं. भावाला १० ने भागल्यावर विषम संख्या येत असेल, जशी १,४१० ची १४१, तर अशा प्रत्येक गाडीची रक्कम पन्नास पैशांवरच येते. भाव १,४२० असेल तर एकही येत नाही. कोड वाचून कुणी म्हटलं असतं, "बरोबर अर्धा आकडा कितीदा येणार?" बाजार ठाऊक असलेल्याला कळतं की एखाद्या सकाळी दर चौथ्या पावतीत येईल.

म्हणून निवडलेल्या प्रत्येक केससमोर एक वाक्य लिहा: या केसमधला डेटा बदललेल्या ओळीपर्यंत पोहोचतो का, आणि जुन्या व नव्या कोडमध्ये वेगळं उत्तर यावं असा आहे का? उत्तर "नाही" असेल तर केस काढून टाकू नका, तिचा डेटा बदला. आम्ही नऊपैकी पाच केसमध्ये भाव आणि वजन बदललं. दहा मिनिटं गेली.

सहावी पायरी: चालवायला लागा, पण बग सापडल्यावर काय ते आधी ठरवून

आधी स्मोक. लॉगिन, एक सौदा, एक वजन, एक पट्टी, एक पेमेंट, प्रिंट. आमची ही यादी वेगळी आहे आणि पंधरा मिनिटांत होते. मी बदल शोधत होतो तेव्हा सहकाऱ्याने ती उरकली. स्मोक पडली तर निवड वगैरे सोडून द्या, बिल्ड परत पाठवा.

तुमच्याकडे पायटेस्टमध्ये स्वयंचलित टेस्ट असतील तर त्या याच वेळी मागे चालू ठेवा. `pytest -m smoke` ने स्मोकची खूण केलेल्याच टेस्ट चालतात, `pytest --ff` ने मागच्या वेळी पडलेल्या आधी चालतात. पण त्या हिरव्या दिसल्या म्हणून हाताने करायच्या केस गाळू नका. त्यांच्यातही भाव १,५०० च असू शकतो.

दोघांनी वाटून घेताना यादी मधोमध फाडू नका. आम्ही वाट धरून वाटलं. सहकाऱ्याने काट्यापासून मोबाइल पावतीपर्यंतची बाजू घेतली आणि मी हिशेबपट्टीपासून पेमेंटपर्यंतची. सौदा एकच, बघणारे दोन, शेवटी आकडे समोरासमोर ठेवायचे. दहाला सुरुवात केली. पाच मिनिटं कमी अकराला त्याने विचारलं, "माझ्याकडे पावतीवर २५,७३३ आहे, तुमच्याकडे?" माझ्या स्क्रीनवर २५,७३२ होते.

अशा वेळी दोन वाटा असतात: दुरुस्ती करायची किंवा तो बदल मागे घ्यायचा. वेळ कमी असेल तर माझा कल नेहमी मागे घेण्याकडे असतो. जुना कोड ग्राहकाकडे महिनोन् महिने चाललेला आहे, नवी दुरुस्ती अजून कुणीच पाहिलेली नाही. हा बदल फक्त कोड सुटसुटीत करण्यासाठी होता, ग्राहकाने मागितलेला नव्हता, त्यामुळे डेव्हलपरनेही लगेच मान्य केलं. नवीन बिल्ड यायला अर्धा तास लागणार होता.

तो अर्धा तास वाया घालवायचा नाही. राउंडिंगशी संबंध नसलेल्या केस त्या वेळात उरकायच्या, पेमेंट रद्द करणं, शेतकऱ्याच्या नोंदीतला नवा रकाना, असल्या. राउंडिंगवरच्या केस मात्र जुन्या बिल्डवर चालवत बसू नका, त्या परत कराव्याच लागतात.

साडेअकराच्या सुमाराला `rc3` आलं. आता प्रश्न असा की तोवर पास झालेल्यांचं काय? त्या पास झाल्या होत्या `rc2` वर, जे ग्राहकाकडे जाणारच नाही. सगळ्या परत करायला वेळ नाही. म्हणून `rc2` आणि `rc3` मधला फरक पुन्हा `git diff` ने बघितला. `money.py` सोडून काहीही बदललेलं नव्हतं. बग सापडेपर्यंत झालेल्या नऊ केसपैकी सात त्या फंक्शनमधून जात होत्या. त्या सात परत केल्या आणि स्मोक पुन्हा केली. बाकीच्यांचा निकाल तसाच धरला. त्या फरकात आणखी एखादी फाइल दिसली असती, "हेही जाता जाता सुधारलं" अशी, तर मी ती काढायला लावली असती. शेवटच्या दोन तासांत बिल्डमध्ये एकाच कारणाचा बदल यावा, याबाबत टेस्टरने हटून बसावं.

या फेरीत सात केसचे ६३ मिनिटं आणि स्मोकचे १५ गेले. बग लिहिण्यात आणि समजून घेण्यात आणखी वीसएक. तीनशेतून हे वजा केल्यावर दोनशेच्या आसपास मिनिटं उरतात, म्हणजे २२ केस. चार सोडाव्या लागल्या. खालून सोडल्या: दिवसअखेरच्या दोन आणि खातेवहीच्या दोन. क्रम आधीच लावलेला असल्यामुळे त्या क्षणी वाद घालावा लागला नाही. साडेबाराला नवीन केस थांबवल्या.

सातवी पायरी: जे सोडलं ते लिहून द्या

"टेस्टिंग झालं, ओके" असा निरोप कधीही देऊ नका. २१२ पैकी १९० केस चालवलेल्या नाहीत हे निर्णय घेणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि आकड्यापेक्षा त्याचा अर्थ कळला पाहिजे. मी पाठवलेला निरोप साधारण असा होता:

"v4.7.0-rc3. बदललेल्या भागावरच्या २२ केस केल्या, सगळ्या पास. राउंडिंगचा बग सापडला होता, तो बदल मागे घेतलाय, पावती आणि हिशेबपट्टी पन्नास पैशांच्या दोन्ही प्रकारांत जुळते. न तपासलेलं: जुन्या तारखेची पट्टी पुन्हा छापणं, महिन्याचे रिपोर्ट, युजरचे अधिकार, बारदान हिशेब. या भागांतल्या कोडला हात लागलेला नाही. महिन्याचे रिपोर्ट शेतकऱ्याच्या नोंदीतूनच माहिती घेतात आणि तिथे एक रकाना वाढलाय, म्हणून तिथे थोडी शंका आहे. परत जायची वेळ आली तर v4.6.2 चढवता येतं, नवा रकाना रिकामा राहिला तरी जुनी आवृत्ती चालते, हे करून बघितलंय."

शेवटचं वाक्य नुसतं लिहायचं नाही, खरंच करून बघायचं. डेटाबेसमध्ये रकाना वाढवला असेल तर जुनी आवृत्ती बहुधा चालते. रकाना काढून टाकला किंवा त्याचं नाव बदललं असेल तर ती पहिल्याच स्क्रीनवर कोसळू शकते, आणि मग परतीची वाट बंद. परतीची वाट उघडी असेल तर कमी तपासून सोडण्यात अर्थ आहे. ती बंद असेल तर मी तारीख पुढे ढकला असंच सांगतो, समोर कोणीही असो.

ही पद्धत कुठे चालत नाही

हे सगळं एका गृहीतावर उभं आहे: बदल कुठवर पोहोचतो ते आपल्याला शोधता येतं. फ्रेमवर्कची मोठी आवृत्ती बदलली, डेटाबेस सर्व्हर बदलला, प्रिंटची लायब्ररी बदलली, तर `git diff` मध्ये एका फाइलमधली एक ओळ दिसते आणि परिणाम मात्र सगळीकडे असतो. तेव्हा धागा धरून मागे जाण्यात वेळ घालवू नका. प्रत्येक भागातली सगळ्यात सरळ एकच केस घ्या आणि रुंद पसरा, खोल जाऊ नका. आणि निरोपात स्पष्ट लिहा की ही नुसती वरवरची पाहणी आहे. असा बदल आणि अर्धा दिवस एकत्र आले तर तो बदल या रिलीजमधून बाहेर काढता येतो का, हे पहिल्या दहा मिनिटांतच विचारा.

दुसरी अडचण डेटाची. टेस्ट सर्व्हरवर दोनशे शेतकरी आणि ग्राहकाकडे काही हजार, तर एखादा स्क्रीन मंद होणं अशा निवडीत सापडणार नाही. ते वेगळं काम आहे, ते या चार तासांत कोंबू नका.

रिलीजनंतरची सकाळ

बिल्ड संध्याकाळी चढलं. दुसऱ्या दिवशी लिलाव सुरू झाल्यावर पहिल्या वीस पावत्या आम्ही ताईंच्या मदतीने ग्राहकाकडच्या हिशेबपट्ट्यांशी ताडून बघितल्या. भाव १,३९० च्या आसपास होता, म्हणजे पन्नास पैशांच्या रकमा भरपूर होत्या. सगळ्या जुळल्या. मग आम्ही दोघं राहिलेल्या १९० केसकडे वळलो, निरोपात शंका लिहिली होती त्या भागापासून. दुपारपर्यंत सापडलं: महिन्याच्या रिपोर्टची एक्सेल काढली की नव्या रकान्यामुळे शेवटचे दोन रकाने एक घर सरकत होते. महिना संपायला अकरा दिवस बाकी होते, दुरुस्ती पुढच्या बिल्डमध्ये गेली. हिशेबपट्टीच्या केसमधला १,५०० हा भाव बदलून १,४१० केला, शेजारी १,८२५ आणि १,८७५ ही दोन्ही वजनं टाकली, आणि का टाकली ते केसखालीच एका ओळीत लिहून ठेवलं.